दीड की साडेसात

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका केसपेपरवर मी बाळाची पोझिशन 'एल.ओ.ए.' असं लिहिलं आणि ते चुकीचं होतं. अक्षरं तीनच, पण त्यामुळे चार तास आम्ही त्या बाईच्या कळांकडे भलत्याच नजरेने पाहत राहिलो. आता लेबर रूममध्ये मला बारा वर्षं झाली. नवीन मुली ड्यूटीवर आल्या की मी त्यांना ही रात्र सांगते, कारण बाळाची पोझिशन कशी वाचायची हे मी पुस्तकातून पाठ केलं होतं, पण समजलं ते त्या रात्री.

रात्री साडेअकराच्या सुमारास ती आली. पहिलटकरीण, वय २२, दिवस भरलेले. सोबत तिची आई होती. पाणी घरीच गेलं होतं, स्वच्छ होतं, कळा दहा मिनिटांत तीन येत होत्या. आल्या आल्या ती म्हणाली, "सिस्टर, पोटापेक्षा कंबरच जास्त दुखतेय. मोडून पडतेय नुसती." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. कंबर सगळ्यांचीच दुखते.

पोट तपासताना मला बाळाची पाठ नीट हाताला लागेना. डावीकडे काहीतरी उंचसखल लागत होतं, मधेच एखादा टोकदार भाग हाताखालून सटकायचा. उजवीकडे कुशीपर्यंत हात नेला तेव्हा कुठे थोडं सलग, टणक लागल्यासारखं वाटलं. बेंबीच्या खाली पोटाला जराशी खळगी होती. बाळाचे ठोके डावीकडे सापडेनात, उजव्या कुशीत बरंच बाहेर गेल्यावर मिळाले, मिनिटाला १४०, नियमित. आज हे लिहिताना मला प्रत्येक खूण ओरडून सांगताना दिसते. तेव्हा ठोके चांगले मिळाले एवढ्यावर मी समाधान मानलं.

मग आतून तपासलं. पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडलेलं, डोकं अजून वर. बोटांना डोक्यावरची सांध्याची रेघ लागली, सॅजायटल सूचर. कवटीच्या दोन बाजूच्या हाडांमधली ही फट डोक्याच्या मध्यावरून पुढून मागे जाते. ती रेघ तिरकी होती, आईच्या डाव्या बाजूला पुढून निघून उजव्या बाजूला मागे गेलेली. आणि डाव्या पुढच्या टोकाला बोट एका मऊ जागेवर टेकलं. टाळू लागली. डावीकडे, पुढे. मी हात धुतले आणि लिहिलं, एल.ओ.ए.

ही अक्षरं वाचताना मधल्या अक्षरापासून सुरुवात करावी, असं मला आता वाटतं. बाळाच्या अंगावरच्या कुठल्या खुणेवरून दिशा मोजायची ते मधलं अक्षर सांगतं. 'ओ' म्हणजे ऑक्सिपुट, डोक्याची मागची बाजू, जिथे आपण मुलांना झोपवताना तळहात टेकवतो ती. बाळ पायाळू असेल तर तिथे 'एस' येतो, म्हणजे सॅक्रम, पाठीच्या कण्याचं खालचं टोक. चेहराच आधी येत असेल तर 'एम', म्हणजे हनुवटी. पहिलं अक्षर सांगतं की ती खूण आईच्या डाव्या अंगाला आहे, म्हणजे 'एल', की उजव्या, म्हणजे 'आर'. शेवटचं सांगतं की ती पुढे आहे, आईच्या पोटाकडे, म्हणजे 'ए', की मागे, पाठीकडे, म्हणजे 'पी'. 'टी' असेल तर पुढेही नाही, मागेही नाही, अगदी आडवी.

डावं-उजवं नेहमी आईचं, तपासणाऱ्याचं नव्हे. तिच्या पायांशी उभं राहिलं की तिची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. पहिल्या महिन्यात सगळ्यांची इथे गफलत होते, पण ती लवकर सुटते. माझी चूक त्यातली नव्हती.

एल.ओ.ए. म्हणजे बाळाच्या डोक्याची मागची बाजू आईच्या डाव्या अंगाला, पुढे. पाठही तिकडेच, म्हणून पोटाच्या डाव्या बाजूला सलग पाठ हाताला लागते आणि ठोके बेंबीच्या खाली डावीकडे मिळतात. बाळाचं तोंड आईच्या पाठीकडे, तिच्या उजव्या कुल्ल्याच्या दिशेला. ही बाळंतपणासाठी सोयीची पोझिशन. माझ्या पेशंटची पाठ डावीकडे लागली नव्हती, ठोके डावीकडे मिळाले नव्हते. पोट एक सांगत होतं आणि माझं बोट दुसरं. मी बोटावर विश्वास ठेवला.

साडेतीनला पुन्हा तपासलं. पिशवीचं तोंड ७ सेंटिमीटर. पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण किती पुढे सरकलं ते मांडायच्या तक्त्यावर, आमची रेघ संथपणाचा इशारा देणारी अलर्ट लाइन ओलांडून उजवीकडे सरकली होती. कळा चांगल्या होत्या, ४०-४५ सेकंदांच्या, तरी डोकं खाली येत नव्हतं. वर ती म्हणू लागली की जोर येतोय, संडासला लागल्यासारखं होतंय. एल.ओ.ए. आणि चांगल्या कळा, तर मग अडतंय कुठे? मला उत्तर सापडेना. मी आमच्या इन्चार्ज सिस्टरना उठवलं.

त्या आल्या आणि माझा पेपर न बघता आधी तिच्या पोटाकडे बघत उभ्या राहिल्या. बेंबीखालच्या खळगीवरून हात फिरवला. ठोके कुठे मिळतात ते विचारलं. मग तिला सांगून, तिचा होकार घेऊन आतून तपासलं.

"टाळू लागली होती म्हणतेस ना?"

"हो मॅडम, डावीकडे पुढे."

"तिच्यातून रेघा किती निघतात, मोजल्यास?"

मोजल्या नव्हत्या. त्यांनी पेशंटला विचारलं, "बाळा, ही सिस्टर एकदा तपासेल, चालेल ना? मग पुन्हा लवकर नाही कुणी हात लावणार." ती मानेनेच हो म्हणाली. दोन कळांच्या मधे मी बोट त्या मऊ जागेवर ठेवलं आणि कडेकडेने सावकाश फिरवलं. एक रेघ. दुसरी. तिसरी. आणि समोरच्या बाजूला चौथी. जागा शंकरपाळ्यासारखी होती, चौकोनी तिरपी, बोटाचं टोक आरामात मावेल एवढी.

ती पुढची टाळू होती. बाळाच्या कपाळाच्या वरची, जी पुढे दीडेक वर्षापर्यंत तेल जिरवताना आपल्याला लागते ती. तिच्यातून चार सांधे निघतात. मागची टाळू वेगळी: लहान, त्रिकोणी, तीन रेघांची, आणि दिवस भरलेल्या बाळात तिथे मऊ भोक असं जाणवतही नाही, तीन हाडांच्या कडा एकत्र आल्याचं तेवढं कळतं. माझं बोट पुढच्या टाळूला लागलं आणि मी ती मागची समजले. म्हणजे जिथे मी डोक्याची मागची बाजू लिहिली होती तिथे बाळाचं कपाळ होतं. डोक्याची मागची बाजू त्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला, आईच्या उजव्या अंगाला, पाठीकडे. आर.ओ.पी.

बाहेर आल्यावर सिस्टरनी हातमोज्यांच्या पाकिटाचा कागद उलटा केला आणि त्यावर घड्याळ काढलं. आपण पेशंटच्या पायांशी उभ्या आहोत असं धरायचं. बारावर पुढचं हाड, सिम्फिसिस. सहावर माकडहाडाची बाजू. तिची डावी बाजू तीनवर, उजवी नऊवर. "आता एल.ओ.ए. कुठे?" मी दीडवर टिंब दिलं. "आर.ओ.पी.?" साडेसातवर. त्यांनी दोन्ही टिंबं पेन्सिलीने जोडली. सरळ एकच रेघ, मधून गेलेली.

माझ्या बोटाला लागलेली रेघ हीच होती. बाळ एल.ओ.ए. असो की आर.ओ.पी., सॅजायटल सूचर पेल्व्हिसच्या, म्हणजे कटीच्या हाडांच्या पोकळीच्या, त्याच तिरक्या व्यासात बसतो. पुस्तकात त्याला उजवा तिरका व्यास म्हणतात. रेघेच्या दिशेवरून दोघांत फरक करताच येत नाही. फरक फक्त टोकांचा: कुठल्या टोकाला चार रेघांची टाळू आणि कुठल्या टोकाला तीन रेघांची. दुसऱ्या तिरक्या व्यासातही अशीच जोडी आहे, साडेदहावर आर.ओ.ए. आणि साडेचारवर एल.ओ.पी. पण तो व्यास मागे डाव्या बाजूला मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाने थोडा अडलेला असतो. म्हणून डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे असलेली बाळं जास्त करून उजवीकडेच सापडतात, आणि म्हणूनच माझ्यासारखी चूकही जास्त करून याच जोडीत होते.

सिस्टर आणखी एक गोष्ट बोलल्या, ती मी आजही रोज वापरते. मान नीट खाली वाकवलेल्या बाळाची पुढची टाळू बोटाला सहज लागतच नाही, ती वर आणि लांब असते. सहज लागली तर समजायचं की बाळाने मान पुरेशी वाकवलेली नाही, आणि मग मागची टाळू शोधल्याशिवाय काहीही लिहायचं नाही. मान वाकलेली असली की डोकं सगळ्यात लहान मापाने येतं, सुमारे साडेनऊ सेंटिमीटर. डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे असलेल्या पोझिशनमध्ये मान बऱ्याचदा अर्धवट सरळ राहते, आणि मग तेच डोकं सुमारे साडेअकरा सेंटिमीटरच्या मापाने उतरायला बघतं. बाळ मोठं नसतं, पेल्व्हिस लहान नसतो, तरी अडतं.

कोडं सुटलं. कंबर मोडून पडत होती, कारण डोक्याचं कठीण टोक कळेगणिक मागच्या हाडावर दाबत होतं. जोर लवकर येत होता, कारण तेच टोक गुदद्वाराच्या बाजूला रेटत होतं. मी एल.ओ.ए. लिहिल्यामुळे आम्ही चार तास, कळा चांगल्या दिसत असूनही, त्याच कमी पडताहेत असं समजत होतो, आणि सलाइनमधून कळा वाढवायचं औषध लावायचं का, हे विचारायला मी फोनही हातात घेतला होता. आणखी एक धोका होता. पुढे बाळाचं डोकं ओढून काढायला व्हॅक्यूम लावायची वेळ आली असती तर कप मागच्या टाळूच्या साधारण ३ सेंटिमीटर पुढे, मधल्या रेघेवर बसवावा लागतो. माझा पेपर बघून कुणी तो दीडच्या टोकाला बसवला असता तर ओढताना मान आणखी सरळ झाली असती. व्हॅक्यूम लावणारा डॉक्टर स्वतः तपासल्याशिवाय लावत नाही, हे खरं. पण पेपरवर खोटी दिशा असणं हे कुणालाही मदत करत नाही.

मी आधीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारली, जेणेकरून खालचं वाचता यावं, खाली आर.ओ.पी. लिहिलं, वेळ टाकली, सही केली. गिरवून बदलायचं नाही, हेही सिस्टरनीच शिकवलं.

डॉक्टर मॅडमना कळवलं. त्या आल्या, त्यांनीही पाहिलं. ठोके चांगले, पाणी स्वच्छ, कळा पुरेशा, आई थकलेली पण ठीक. सिझरची तयारी ठेवून अजून थांबायचं ठरलं, ठोके दर अर्ध्या तासाने. थांबायचं का, हे समजायला पुन्हा ते घड्याळच लागतं. दीडवरचं बाळ बाहेर यायला बारावर येतं, म्हणजे घड्याळात दीड तासाचं अंतर. साडेसातवरच्या बाळाला नऊ, साडेदहा असं वर चढत बारापर्यंत यायचं असतं, साडेचार तासांचं अंतर, वर्तुळाचे आठातले तीन भाग. बहुतेक बाळं हा लांबचा फेरा स्वतःच पुरा करतात, फक्त वेळ घेतात. फिरवतो तो पेल्व्हिसच्या तळाचा स्नायूंचा झोपाळा, जो पुढच्या बाजूला उतरता आहे. डोक्याचा जो भाग त्याच्यावर आधी टेकेल तो पुढे सरकतो. मान वाकली की मागची बाजू आधी टेकते आणि पुढे येते. मान वाकली नाही तर कपाळ आणि मागची बाजू एकदमच टेकतात आणि बाळ मधेच आडवं अडकतं, किंवा उलटं सहावर जाऊन तोंड वर करून जन्मतं.

तिला आम्ही पाठीवर झोपू दिलं नाही. आधी डाव्या कुशीवर, मग पलंगाच्या कडेला हात टेकून ओणवी उभी, तिची आई मागून कंबर चोळतेय. गुडघ्या-हातांवर राहिल्याने बाळ फिरतंच असं मी कुणाला सांगत नाही. कंबरेचं दुखणं मात्र त्याने हलकं होतं, तेवढं मी अनेकींच्या चेहऱ्यावर पाहिलंय. जोर येत असला तरी देऊ दिला नाही, कारण पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आधी जोर दिला तर त्याची कड सुजते आणि अजूनच अडतं. कळ आली की फू फू करून श्वास सोडायला लावत होतो. तिची आई पण तिच्याबरोबर फू फू करत होती.

पावणेसहाला सिस्टर म्हणाल्या, "आता तू बघ. वाचून दाखव."

९ सेंटिमीटर. डोकं खाली आलेलं. डोक्यावर सूज जमायला लागली होती, सांधे आधीसारखे स्पष्ट नव्हते, त्यामुळे घाई केली नाही. रेघ आता तिरकी नव्हती, जवळजवळ आडवी होती. उजव्या टोकाला, तिच्या उजव्या, तीन कडा एकत्र येत होत्या. बोट फिरवून पुन्हा मोजल्या. तीनच. चार रेघांची टाळू आता हाताला लागतही नव्हती, म्हणजे मान वाकली होती. "नऊवर आहे मॅडम. आर.ओ.टी." सूज जास्त असती आणि रेघा मोजताच आल्या नसत्या तर कान शोधायचा, हे त्यांनी तिथेच सांगितलं. कानाची मोकळी पाळी ज्या बाजूला वळते तिकडे डोक्याची मागची बाजू असते. आता आमच्याकडे सोनोग्राफीचं मशीन लेबर रूमपर्यंत येतं आणि अशा वेळी मॅडम डोळे कुठल्या बाजूला आहेत ते पाहून खात्री करतात. बोटाने सूजलेल्या डोक्यावर ओळखण्यात जाणत्यांचीही चूक होते, त्यामुळे मशीन मागवण्यात मला कमीपणा वाटत नाही.

मशीनवरून आठवलं. हल्ली सातव्या-आठव्या महिन्याचा रिपोर्ट घेऊन बायका घाबरून येतात. रिपोर्टात पोझिशन मागची लिहिलेली असते आणि घरात कुणीतरी सांगितलेलं असतं की आता सिझरच. त्या वेळी बाळ पाण्यात मोकळं असतं, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी पोझिशन असू शकते. ३२-३४ आठवड्यांच्या रिपोर्टात बघायचं ते डोकं खाली आहे ना, एवढं. तीन अक्षरांना अर्थ येतो तो कळा सुरू झाल्यावर, डोकं पेल्व्हिसमध्ये उतरल्यावर, आणि तेव्हाही ती त्या तासाची नोंद असते. म्हणून आम्ही अक्षरांशेजारी वेळ लिहितो.

सहा चाळीसला पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं. आता ठोके दर पाच मिनिटांनी. जोर द्यायला सांगितल्यावर तिने जो जोर दिला तो मी विसरणार नाही, रात्रभर अडवून धरलेला होता तो. डोकं दिसायला लागलं तेव्हा मधली रेघ जवळपास उभी होती. बारा. सात पंचवीसला डोकं बाहेर आलं, तोंड जमिनीकडे, जसं यायला हवं तसं.

मग जे घडलं ते मी त्याआधी शंभर वेळा पाहिलं असेल, वाचलं पहिल्यांदा. डोकं बाहेर आल्यावर बाळाने ते हळूच वळवलं आणि चेहरा आईच्या डाव्या मांडीकडे केला. डोकं आत फिरताना मानेला पीळ पडलेला असतो, तो सुटतो आणि मागची बाजू जिकडून आली तिकडे परत वळते. एल.ओ.ए.चं बाळ आईच्या उजव्या मांडीकडे बघतं. हे डाव्या मांडीकडे बघत होतं, म्हणजे डोक्याची मागची बाजू उजवीकडून आली होती. सिस्टर काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त बोटाने दाखवलं.

मुलगी झाली, २ किलो ९०० ग्रॅम, लगेच रडली. तिला पुसून आईच्या छातीवर ठेवलं. नंतर वजन करताना मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सूज होती, मऊ, मधोमध नव्हे तर डावीकडे, कानाच्या वरच्या हाडावर. उजवीकडून आलेल्या बाळाचं हेच डावं हाड पुढे असतं आणि सूज तिथे येते. मी केसपेपर घेतला आणि जन्माच्या नोंदीत बाळाच्या तपासणीखाली तेही लिहिलं: कॅपुट, डाव्या पॅरायटल हाडावर.